दोन टेबलं, एकच चुंबक आणि उलटी गेलेली सुई

बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाची मांडणी दोन टेबलांवर केलेली असते. कॉइल एकाच वेळी गुंडाळून घेतलेल्या, गॅल्व्हॅनोमीटर एकाच मॉडेलचे, पट्टीचुंबकही एकाच जोडीतले. चुंबकाचा उत्तर ध्रुव कॉइलच्या डाव्या तोंडातून आत ढकलला की पहिल्या टेबलावरची सुई उजवीकडे जायची आणि दुसऱ्या टेबलावरची डावीकडे. लेन्झच्या नियमाने उत्तर ‘उजवीकडे’ येत होतं, म्हणून दुसरं टेबल बिघडलंय असं सगळ्या बॅचने ठरवून टाकलं. “मॅडम, आमच्या टेबलावर लेन्झ उलटा चालतो,” असं एकीने हसत हसत सांगितलं. पुढचे दोन तास आम्ही यातच घातले. शेवटी निघालं ते असं की बिघाड पहिल्या टेबलावर जास्त होता.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच की प्रवर्तित धारेची दिशा काढताना वहीतलं गणित आणि टेबलावरची सुई यांच्यामध्ये किती दुवे असतात, ते इथे एकेक करून उघडं पडलं.

आधी मांडणी सांगते. ३२ मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर २८ गेजच्या इनॅमल तांब्याच्या तारेचे ३०० वेढे, दोन थरांत, दर थरात दीडशे. वरून काळी टेप. दोन थर असल्याने तार डावीकडून निघून उजव्या टोकाला जाते आणि दुसऱ्या थराने परत डावीकडे येते, त्यामुळे तिची दोन्ही टोकं डाव्या तोंडाशीच बाहेर आलेली. एकावर लाल स्लीव्ह, दुसऱ्यावर काळी. खोक्यावर चिठ्ठी: ‘लाल = सुरुवात. डाव्या तोंडाकडून पाहता वेढे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने.’ तार सुमारे एकतीस मीटर लागते, म्हणजे तिचा रोध पाच ओहमच्या आसपास. गॅल्व्हॅनोमीटर नेहमीचा, मध्ये शून्य आणि दोन्ही बाजूंना तीस-तीस घरं असलेला. त्याचा स्वतःचा रोध पाऊणशे ओहमच्या आसपास, आणि साधारण २५ मायक्रोअँपिअरला सुई एक घर सरकते. लाल टोक गॅल्व्हॅनोमीटरच्या अधिक खुणेच्या स्क्रूला, काळं टोक उणे खुणेला.

सुई किती हलायला हवी याचाही अंदाज आधी काढून ठेवावा. तो नसेल तर सुई खरोखर धारेने हलली की टेबलाला धक्का लागला म्हणून हलली, हे कळत नाही. आमच्या पट्टीचुंबकाच्या ध्रुवाशी क्षेत्र साधारण ०.०५ टेस्ला आणि ध्रुवाचं तोंड दीड चौरस सेंटिमीटरचं. या दोहोंच्या गुणाकारातून एका वेढ्यातून जाणारा फ्लक्स निघतो सुमारे ७.५ मायक्रोवेबर. चुंबक बाहेर लांब असताना हाच फ्लक्स जवळपास शून्य असतो. तीन दशांश सेकंदात चुंबक आत गेला तर सरासरी ईएमएफ:

ε = N ΔΦ/Δt = 300 × 7.5×10⁻⁶ / 0.3 ≈ 7.5 mV

परिपथाचा एकूण रोध ऐंशी ओहम, त्यामुळे धारा नव्वद-पंच्याण्णव मायक्रोअँपिअर, म्हणजे तीन ते चार घरं. दोन्ही टेबलांवर सुई तेवढीच हलत होती. परिमाणाबद्दल तक्रार नव्हती, भांडण फक्त दिशेचं होतं.

आता ‘उजवीकडे’ हे उत्तर कुठून आलं ते पाहू. मुलांनी जर्नलमध्ये लिहिलेली मांडणी बरोबरच होती. उत्तर ध्रुव डावीकडून जवळ येतोय. त्यातून निघणाऱ्या क्षेत्ररेषा कॉइलमध्ये डावीकडून उजवीकडे शिरतात आणि चुंबक जसा जवळ येतो तशा त्या वाढत जातात. प्रवर्तित धारेने या वाढीला विरोध करायचा आहे, म्हणून तिचं स्वतःचं क्षेत्र कॉइलच्या आत उजवीकडून डावीकडे असलं पाहिजे. म्हणजेच कॉइलचं डावं तोंड उत्तर ध्रुव झालं पाहिजे. येणाऱ्या उत्तर ध्रुवासमोर उत्तर ध्रुव, म्हणजे ढकलणं. उत्तर ध्रुवाच्या तोंडाकडे समोरून पाहिलं तर धारा काट्याच्या उलट फिरताना दिसते. इथपर्यंत फक्त भौतिकशास्त्र आहे आणि त्यात वादाला जागा नाही.

खरी निसरडी जागा इथून पुढे लागते. धारा काट्याच्या उलट फिरते हे कळलं, पण ती कोणत्या टोकातून बाहेर पडते? चिठ्ठीप्रमाणे लाल टोकापासून निघालं तर वेढे काट्याच्या दिशेने जातात. धारा त्याच्या उलट, म्हणजे कॉइलच्या आत ती काळ्या टोकाकडून लाल टोकाकडे वाहते आणि लाल टोकातून बाहेर पडते. बरीच मुलं इथे अडखळतात, कारण ‘धारा अधिकाकडून उणेकडे’ हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण इथे कॉइल हाच सेल आहे. सेलच्या आत धारा उणेकडून अधिकाकडेच जाते. ज्या टोकातून ती बाहेर पडते ते कॉइलचं अधिक टोक. तर लाल टोकातून धारा बाहेर पडली, गॅल्व्हॅनोमीटरच्या अधिक स्क्रूमध्ये शिरली आणि अधिक स्क्रूमध्ये शिरलेली धारा सुईला उजवीकडे नेते. उत्तर: उजवीकडे.

या साखळीत कितीतरी गोष्टी आपण गृहीत धरल्या आहेत. चुंबकाचं रंगवलेलं टोक खरंच उत्तर ध्रुव आहे, लाल स्लीव्ह खरंच सुरुवातीच्या टोकावर आहे, वेढ्यांची दिशा चिठ्ठीत लिहिलीय तशी आहे, गॅल्व्हॅनोमीटर अधिककडून धारा आली की खरंच उजवीकडे जातो. यातली एक गोष्ट उलटी असेल तर सुई उलटी जाणार. दोन उलट्या असतील तर सुई सरळ जाणार आणि कुणाला संशयही येणार नाही. सूत्रातल्या उणे चिन्हालाही हेच लागू आहे. ε = −dΦ/dt मधलं उणे चिन्ह, वेढ्याभोवती कुठली दिशा धन मानायची हे आधी ठरवल्याशिवाय काहीच सांगत नाही.

मुलांनी मात्र आपापले तर्क लढवायला सुरुवात केली होती. एकाचं म्हणणं, कॉइल दोन थरांची आहे. पहिला थर डावीकडून उजवीकडे आणि दुसरा उजवीकडून डावीकडे, तेव्हा दुसरा थर पहिल्याला मारतो आणि गडबड होते. हा तर्क दरवर्षी कुणीतरी मांडतंच आणि तो नीट सोडवायला हवा. कॉइल गुंडाळताना पाइप एकाच दिशेने फिरत राहतो. तार उजव्या टोकाला पोहोचल्यावर आपण पाइप उलटा फिरवत नाही, फक्त तारेला परतीच्या वाटेने सरकवतो. त्यामुळे दुसऱ्या थराचा पेच उलट्या हाताचा दिसतो, पण तारेतली धारा अक्षाभोवती फिरते त्याच दिशेने. फ्लक्सला देणंघेणं आहे ते या फिरण्याशी, पेच पुढे सरकतो की मागे याच्याशी नाही. दुसरा थर पहिल्यात भरच घालतो. तसं नसतं तर तीन-चार घरांऐवजी सुई जागची हललीच नसती.

त्यातून एक गोष्ट मात्र उपयोगी निघाली. दोन थरांच्या कॉइलचा वरचा थर पाहून वेढ्यांची दिशा ठरवायची तर आतून आलेलं टोक कोणतं आणि वरून सुटलेलं कोणतं, हे माहीत असावं लागतं. इथे दोन्ही टोकं एकाच बाजूला आणि वर टेप. म्हणजे डोळ्यांनी पाहून काही ठरवायची सोय नव्हती, सगळा भरवसा चिठ्ठीवर.

दुसरा तर्क होता सुईबद्दल. दुसऱ्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, “आमची सुई आधी डावीकडे जाते, मग उजवीकडेही जाते, मॅडम.” हे परतीचं झोकांड्या खाणं असतं. धारा थांबली की सुई शून्याकडे परतते आणि जडत्वाने थोडी पलीकडे जाते. पलीकडचा झोका नेहमी पहिल्यापेक्षा लहान असतो, आणि चुंबक आत नेऊन तिथेच स्थिर धरला तरी तो येतोच. चुंबक स्थिर असताना फ्लक्स बदलत नाही, तेव्हा तो झोका प्रवर्तनाचा असूच शकत नाही. नोंद करायची ती फक्त पहिल्या धक्क्याची.

मग परिपथ तोडून पाहिला. लाल टोकाची क्लिप काढून ठेवली आणि चुंबक तसाच आतबाहेर केला. दोन्ही टेबलांवर सुई ढिम्म. याचा अर्थ चुंबक स्वतःच गॅल्व्हॅनोमीटरला ओढत नव्हता, सुई हलवते ती तारेतून येणारी धाराच. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण हीच शंका जिनिव्हाच्या कोलाडोंनी १८२५ मध्ये फार मनावर घेतली होती. चुंबकाचा थेट परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी आपला गॅल्व्हॅनोमीटर लांब तारा जोडून दुसऱ्या खोलीत ठेवला. चुंबक कॉइलमध्ये घालायचा आणि चालत जाऊन सुई पाहायची. ते पोहोचेपर्यंत सुई शून्यावर परत आलेली असायची. धारा फक्त फ्लक्स बदलत असतानाच वाहते, हे त्यांच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं. चुंबक कॉइलमध्ये ढकलताना सुई हलते हे फॅरेडेंनी पाहिलं ते १७ ऑक्टोबर १८३१ ला.

आता एकेक दुवा सुटा करून तपासायला घेतला. सुरुवात गॅल्व्हॅनोमीटरपासून, कारण तो सगळ्यात सोपा. दीड व्होल्टचा सेल, त्याला जोडून दहा हजार ओहमचा रोध. सेल थेट गॅल्व्हॅनोमीटरला लावायचा नाही, पाऊणशे ओहमातून वीस मिलिअँपिअर धारा गेली तर सुई आपटते, कधी वाकते. दहा हजार ओहम घातले की धारा दीडशे मायक्रोअँपिअरला येते आणि सुई साधारण सहा घरं जाते. सेलचं अधिक टोक रोधातून गॅल्व्हॅनोमीटरच्या अधिक स्क्रूला, उणे टोक उणेला. दुसऱ्या टेबलावरची सुई उजवीकडे सहा घरं गेली, अगदी चोख. पहिल्या टेबलावरची सुई डावीकडे सहा घरं.

वर्गात एकदम शांतता. ज्या टेबलावर ‘बरोबर’ उत्तर येत होतं, तिथलाच मीटर उलटा निघाला.

मागचं झाकण उघडलं तेव्हा कारण दिसलं. कधीतरी दुरुस्तीला गेलेल्या मीटरच्या आतल्या दोन तारा स्क्रूंना उलटसुलट डाग देऊन जोडल्या होत्या. डाग ताजा आणि जाड, कारखान्यातल्यासारखा नव्हे. तारा अदलाबदल करून डाग पुन्हा दिला, सेलने पुन्हा पाहिलं, सुई उजवीकडे आली. आणि आता उत्तर ध्रुव आत ढकलल्यावर दोन्ही टेबलांवर सुई डावीकडे जायला लागली. दोन्ही टेबलं आता एकमताने ‘चुकीचं’ उत्तर देत होती. इथे एक-दोघांनी पुस्तकातच काहीतरी गफलत असेल असंही सुचवून पाहिलं.

राहिली कॉइल आणि चुंबक. कॉइलची टेप सोलून वेढे मोजत बसण्यापेक्षा एक चांगली युक्ती आहे, आणि ती लेन्झच्या मूळ मांडणीच्या फार जवळची आहे. एमिल लेन्झ यांनी सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे नोव्हेंबर १८३३ मध्ये जो नियम मांडला, तो फ्लक्सच्या भाषेत नव्हता. त्यांचं म्हणणं साधारण असं: तारेत बाहेरून धारा सोडली तर ती चुंबकाजवळ एका दिशेला सरकू पाहते. आता धारा न सोडता आपणच तार हलवली, तर प्रवर्तित धारा अशा दिशेची असते की तिच्यामुळे तार आपण हलवतो त्याच्या उलट दिशेला सरकू पाहील. म्हणजे आधी सेलने धारा सोडून पाहा ती कुठे ढकलते, मग त्यावरून प्रवर्तित धारेची दिशा सांगा. वेढे कसे गुंडाळलेत ते माहीत असण्याची गरजच नाही.

तेच केलं. गॅल्व्हॅनोमीटर पूर्ण काढून टाकला. कॉइलच्या लाल टोकाला सेलचं अधिक, काळ्या टोकाला उणे, आणि डाव्या तोंडासमोर होकायंत्र. पाच ओहमातून धारा सुमारे तीन दशांश अँपिअर, त्यामुळे सेल फक्त एक-दोन सेकंद लावायचा, नाहीतर तो गरम होतो आणि बसतो. कॉइलच्या आतलं क्षेत्र या धारेने एक-दोन मिलिटेस्लापर्यंत जातं. आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग ०.०४ मिलिटेस्लाच्या आसपास आहे, तेव्हा होकायंत्राच्या सुईला कुणाचं ऐकायचं याबद्दल शंका राहत नाही.

चिठ्ठी खरी असेल तर लाल टोकातून शिरलेली धारा डाव्या तोंडाकडून पाहता काट्याच्या दिशेने फिरेल, डावं तोंड दक्षिण ध्रुव होईल आणि होकायंत्राचं उत्तर टोक त्याच्याकडे ओढलं जाईल. प्रत्यक्षात उत्तर टोक झटकन पाठ फिरवून पलीकडे गेलं आणि दक्षिण टोक कॉइलकडे आलं. डावं तोंड उत्तर ध्रुव झालं होतं. दुसऱ्या कॉइलचंही तेच.

याचा अर्थ लाल टोकातून धारा सोडली की डावं तोंड उत्तर ध्रुव होतं. उत्तर ध्रुव डावीकडून जवळ आणला की लेन्झच्या नियमाने डावं तोंड उत्तर ध्रुवच व्हायला हवं. म्हणजे प्रवर्तित धाराही कॉइलमधून त्याच वाटेने जाणार: लाल टोकातून आत, काळ्या टोकातून बाहेर. काळ्या टोकातून निघालेली धारा गॅल्व्हॅनोमीटरच्या उणे स्क्रूत शिरते आणि सुई डावीकडे जाते. दोन्ही टेबलांवर आता अगदी तेच दिसत होतं. सुई बरोबर होती, चिठ्ठी चुकीची होती.

एका कॉइलची टेप टोकाशी थोडी सोलली तेव्हा खुलासा झाला. लाल स्लीव्ह वरच्या थरातून सुटलेल्या तारेवर होती. गुंडाळणाऱ्याने शेवटच्या टोकाला लाल स्लीव्ह घातली आणि चिठ्ठीत लाल म्हणजे सुरुवात लिहिलं. दोन्ही कॉइल एकाच हाताने केलेल्या, म्हणून दोन्हींत तीच चूक. पहिल्या टेबलावर कॉइलची उलट आणि मीटरची उलट मिळून सुलट झाली होती. दुसऱ्या टेबलावर मीटर चांगला होता, म्हणून कॉइलची उलट तिथे उघडी पडली.

चुंबक सगळ्यात शेवटी तपासला आणि तिथे एक मजेशीर गोष्ट घडली. आमच्याकडच्या दोन होकायंत्रांपैकी एकाने रंगवलेलं टोक उत्तर ध्रुव सांगितलं, दुसऱ्याने दक्षिण. छोट्या होकायंत्रांच्या सुया पट्टीचुंबकांबरोबर एकाच खणात पडून राहिल्या की उलट्या चुंबकित होतात, हे प्रयोगशाळेत नेहमीचंच. दोन्ही होकायंत्रं चुंबकांपासून लांब खिडकीत नेऊन ठेवली. सकाळचं ऊन कुठून येतं ते माहीत असल्याने उत्तर कुठे आहे हे सांगायला कुणाची गरज नव्हती, आणि उलटं कोणतं ते लगेच कळलं. चुंबकाचा रंग खरा होता.

पण एका मुलीने विचारलं, “मॅडम, कॉइलची तपासणी आपण त्या उलट्या होकायंत्राने केली असती तर?” प्रश्न नेमका होता. उलट्या होकायंत्राने कॉइलच्या तोंडाला दक्षिण म्हटलं असतं, पण त्यानेच चुंबकाच्या टोकालाही दक्षिण म्हटलं असतं. निष्कर्ष तोच राहिला असता: कॉइलचं तोंड आणि येणारं टोक एकाच जातीचं आहे. लेन्झच्या नियमाला उत्तर-दक्षिण या नावांची गरज नाही, सजातीय की विजातीय एवढंच पुरतं. म्हणून एक खबरदारी घ्यायची: चुंबक आणि कॉइल एकाच होकायंत्राने तपासायचे, एक याने आणि दुसरा त्याने, असं करायचं नाही.

दुवे सरळ झाल्यावर उरलेला प्रयोग पटकन झाला, पण एका ठिकाणी थांबावं लागलं. उत्तर ध्रुव आत असताना चुंबक डावीकडेच बाहेर ओढला तर सुई उलट दिशेला, म्हणजे उजवीकडे गेली. काही मुलांनी जर्नलमध्ये लिहिलं होतं की प्रवर्तित क्षेत्र नेहमी चुंबकाच्या क्षेत्राच्या उलट असतं. तसं असतं तर बाहेर ओढतानाही सुई डावीकडेच गेली असती, कारण कॉइलमधून जाणारं चुंबकाचं क्षेत्र तेव्हाही डावीकडून उजवीकडेच आहे. फरक एवढाच की ते आता कमी होतंय. विरोध क्षेत्राला नसतो, बदलाला असतो. कमी होणाऱ्या फ्लक्सला आधार देण्यासाठी प्रवर्तित क्षेत्र चुंबकाच्याच दिशेने उभं राहतं, डावं तोंड दक्षिण ध्रुव होतं आणि निघून जाणाऱ्या उत्तर ध्रुवाला मागे ओढतं.

चुंबक आरपार नेला तर हेच अधिक ठळक दिसतं. उत्तर ध्रुव डावीकडून शिरतो, सुई डावीकडे. चुंबकाचा मध्य कॉइलच्या मध्याशी आला की फ्लक्स सगळ्यात जास्त असतो आणि सुई शून्याकडे. फ्लक्स जिथे सर्वाधिक, तिथे तो क्षणभर बदलत नाही, म्हणून ईएमएफ नाही. चुंबक उजवीकडे बाहेर पडू लागला की फ्लक्स घटतो आणि सुई उजवीकडे. एकाने हेच दुसऱ्या तऱ्हेने मांडलं: मागचा दक्षिण ध्रुव डाव्या तोंडाकडे येतोय, म्हणून डावं तोंड दक्षिण ध्रुव होतं, म्हणून सुई उलटी. दोन्ही मांडणी एकच उत्तर देतात आणि दोन्ही बरोबर आहेत. मात्र सावकाश न्यायला हवं. झटक्यात आरपार नेला तर दोन्ही धक्के एकमेकांवर येतात आणि जड सुई जवळपास जागीच थरथरते.

शेवटी तो नेहमीचा प्रश्न आला: “विरोध होतो तर हाताला का जाणवत नाही?” आकडा काढून पाहिला. साडेसात मिलिव्होल्ट गुणिले चौऱ्याण्णव मायक्रोअँपिअर म्हणजे पाऊण मायक्रोवॅटही नाही. तीन दशांश सेकंदात एका जूलच्या पन्नास लाखाव्या भागाइतकी ऊर्जा. हे काम चुंबक पाच सेंटिमीटर सरकवताना होतं, तेव्हा बल निघतं चार मायक्रोन्यूटन, एखाद्या डासाच्या वजनाच्याही अंशाएवढं. हाताला ते कळणं शक्य नाही. क्लिप काढून परिपथ उघडा ठेवला तर तेवढंही नाही. ईएमएफ तेव्हाही निर्माण होतो, पण धारा नाही म्हणून विरोधही नाही.

बल जाणवायचं तर रोध कमी हवा आणि चुंबक जोरदार. मीटरभर लांबीचा जाड तांब्याचा पाइप उभा धरून त्यात निओडायमियमचं बसकं चुंबक सोडलं. मोकळं पडायला अर्धा सेकंदही लागत नाही, पाइपमधून ते काही सेकंदांनी खाली आलं. पाइप हा असंख्य बंद वेढ्यांचा ढीगच असतो. चुंबकाच्या पुढच्या वेढ्यांत फ्लक्स वाढतो, ते त्याला वर ढकलतात. मागच्यांत घटतो, ते वर ओढतात. चुंबक उलटं करून टाकलं तरी तितकाच वेळ. इथे अधिक-उणे स्क्रू नाहीत, लाल-काळी स्लीव्ह नाही, रंगवलेलं टोकही नाही, म्हणून उलटसुलट व्हायला काही उरत नाही. धारा बदलाला मदत करणारी असती तर चुंबक पडता पडता आणखी वेग घेत गेलं असतं आणि पाइपही तापत राहिला असता, दोन्ही कुणाच्या खर्चावर हे कुणालाच सांगता आलं नसतं. लेन्झच्या नियमाची खरी परीक्षा मी या पाइपमध्ये मानते. गॅल्व्हॅनोमीटरची सुई परीक्षा घेते ती आपल्या जोडणीची.

जर्नलच्या गुणांचा प्रश्न उरला. दुसऱ्या टेबलावरच्या गटाने ‘डावीकडे’ असंच लिहिलं होतं, खोडून ‘उजवीकडे’ केलं नव्हतं. त्यांना पूर्ण गुण दिले. पहिल्या गटालाही दिले, कारण त्यांनीही दिसलं तेच लिहिलं होतं. मधल्या दोन-चार जर्नलांत दुसऱ्या टेबलावर बसूनही ‘उजवीकडे’ अशी नोंद होती, तीन घरं, अगदी सुबक अक्षरात. ती परत करायला लावली.

खोक्यांवरची जुनी चिठ्ठी काढून टाकली. नव्या चिठ्ठीत सुरुवात-शेवट, काट्याची दिशा वगैरे काही नाही. तिथे एवढंच लिहिलंय: ‘सेलचं अधिक लाल टोकाला लावल्यास डावं तोंड उत्तर ध्रुव. तासाआधी होकायंत्राने तपासणे.’ गॅल्व्हॅनोमीटरच्या खोक्यात दहा हजार ओहमचा रोध क्लिपांसकट ठेवून दिलाय, आणि होकायंत्रं आता पट्टीचुंबकांच्या खणात नसतात.